उद्यम नोंदणीचा अर्ज भरताना

सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करून विकणाऱ्या गृहउद्योगांची कमी नाही. चार-पाच बायका कामाला, हिशेबाची वही नेटकी, अन्न खात्याची नोंदणी झालेली, पाकिटावर स्वतःच्या नावाचे लेबल आणि माल पुण्या-मुंबईच्या दुकानांपर्यंत जाणारा. एवढे असूनही यातले कितीतरी उद्योग सरकारच्या लेखी ‘उद्योग’ नसतात. भाकरीचे मशीन घ्यायला बाई बँकेत जाते, समोरचे साहेब कागद चाळतात आणि विचारतात, “उद्यम आहे का?” बाहेर आल्यावर ती एखाद्या सेवा केंद्रात बसते, दहा मिनिटांत अर्ज भरला जातो, प्रमाणपत्र हातात येते. तो अर्ज कोणी भरला आणि त्यात काय लिहिले, इकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. पुढची चार-पाच वर्षे कर्ज, अनुदान आणि अडकलेली बिले या तिन्ही बाबतींत त्या दहा मिनिटांचा हिशेब द्यावा लागतो.

म्हणून या लेखात एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. सोलापूरचा असा एक गृहउद्योग, वर्षाची विक्री 14 लाख, मालकी एका ताईंची. उदाहरण समजावण्यापुरते घेतले आहे, पण त्यातले नियम खरे आहेत.

आधी साहेबांचा प्रश्न समजून घेऊ. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकांना आपल्या कर्जांचा ठरावीक हिस्सा अग्रक्रमाच्या क्षेत्राला द्यावा लागतो आणि एकूण कर्जांच्या साडेसात टक्के फक्त सूक्ष्म उद्योगांना. ताईंना दिलेले कर्ज या साडेसात टक्क्यांत मोजायचे तर त्या सूक्ष्म उद्योजक असल्याचा सरकारमान्य पुरावा बँकेकडे हवा. तो पुरावा म्हणजे उद्यम क्रमांक. शाखेला उद्दिष्ट पूर्ण करायचे असते, त्यामुळे क्रमांक असलेला अर्ज तिच्याही सोयीचा असतो. पण गैरसमज नको. प्रमाणपत्र आहे म्हणून कर्ज द्यायला बँक बांधील नाही. धंदा चालतो का आणि हप्ता फिटेल का, हे ती आपल्या पद्धतीने बघणारच.

आता सूक्ष्म उद्योग म्हणजे केवढा? 1 एप्रिल 2025 पासून ही मर्यादा वाढली. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि वर्षाची उलाढाल दहा कोटींपर्यंत असेल तर उद्योग सूक्ष्म. दोन्ही अटी एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत. गुंतवणुकीत जमीन, इमारत आणि फर्निचर धरत नाहीत, आणि उलाढालीतून निर्यात वगळतात. म्हणजे आपल्या आसपासचे बहुतेक पीठगिरणीवाले, फॅब्रिकेशनवाले, शिलाईवाले, छापखानेवाले सहज सूक्ष्म उद्योगात बसतात. “आपला धंदा फार लहान आहे” ही अडचण इथे नाहीच, कारण खालची मर्यादा ठेवलेलीच नाही.

ही नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे. त्याआधी उद्योग आधार होता. नोंदणीसाठी सरकारी संकेतस्थळ एकच आहे, udyamregistration.gov.in, आणि तिथे एक रुपयाही लागत नाही. हे ठासून सांगावे लागते, कारण इंटरनेटवर ‘उद्यम’ शोधले की सरकारी वाटणाऱ्या कितीतरी खासगी साइट वर येतात. तिरंगा, अशोकस्तंभासारखे चिन्ह, सगळे काही असते आणि शेवटच्या पानावर हजार-दोन हजारांची फी मागितली जाते. पत्त्याच्या शेवटी gov.in आहे की नाही, एवढे बघितले तरी फसगत टळते. सेवा केंद्रवाल्याला त्याच्या वेळेचे पैसे द्यायला हरकत नाही, पण ते त्याच्या मेहनतीचे. सरकारी फी म्हणून कोणी पावती दाखवत असेल तर ती खोटी आहे.

अर्जाला कागद जोडावे लागत नाहीत. आधार आणि पॅन पुरते, बाकी सगळे स्वतःच्या घोषणेवर. एकमालकी धंद्यात मालकाचेच आधार आणि मालकाचेच पॅन लागते. भागीदारीत व्यवस्थापकीय भागीदाराचे आधार लागते, हिंदू अविभक्त कुटुंबात कर्त्याचे. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणून तो नंबर चालू असायला हवा. अर्धे अर्ज इथेच अडकतात, कारण आधारला जोडलेले सिम कधीचे बंद झालेले असते.

इथे पहिली काळजी घ्यायची. धंदा ताईंचा, पण “यांचे पॅन आहेच” म्हणून नवऱ्याच्या नावे नोंदणी उरकली जाते. बाईच्या मालकीच्या उद्योगाला पतहमी योजनेत जास्त संरक्षण आहे, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात जास्त अनुदान आहे, केंद्र सरकारच्या खरेदीत वेगळा वाटा आहे. हे सगळे नोंदणीवर कोणाचे नाव आहे यावर ठरते. मागाहून मालक बदलता येत नाही, कारण नोंदणी पॅनला बांधलेली असते. धंदा ज्याचा, त्याच्याच नावाने पॅन काढून मग अर्ज भरावा. चार दिवस उशीर झाला तरी चालेल.

पॅन तपासून झाले की अर्ज दोन प्रश्न विचारतो. गेल्या वर्षी आयकर विवरण भरले होते का, आणि जीएसटी क्रमांक आहे का. ताईंचा माल वस्तूंमध्ये मोडतो, आणि महाराष्ट्रात वस्तूंसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा साधारणपणे वर्षाला 40 लाखांच्या विक्रीची आहे. चौदा लाखांना ती लागू नाही. म्हणून जीएसटीच्या प्रश्नाला सूट असल्याचा पर्याय निवडायचा. उद्यम हवे म्हणून उगाच जीएसटी घ्यायला लावणारे सल्लागार भेटतात, त्यांचे ऐकू नये. एकदा जीएसटी घेतला की विवरणपत्रांचे काम कायमचे मागे लागते.

मग धंद्याचे नाव, पत्ता, बँक खाते, कामगारांची संख्या, यंत्रांची किंमत, उलाढाल. हे सरळ आहे. धंद्याचे खाते मात्र द्यावे, घरचे बचत खाते देऊ नये. चालू खाते नसेल तर आधी उघडावे. पुढे बँक याच खात्याचे उतारे मागणार आहे.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना याच्या पुढे येतो, मुख्य कामाचा. उत्पादन, सेवा की व्यापार? आणि त्याखाली राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाचा, म्हणजे एनआयसीचा कोड. सेवा केंद्रातला मुलगा विचारतो, “काय करता?” ताई सांगतात, “भाकरी-चटणी विकते.” तो यादीत ‘विक्री’ शोधतो, 47 या किरकोळ व्यापाराच्या गटातला एक कोड टाकतो आणि पुढे जातो. प्रमाणपत्र येते, त्यावर उद्योग ‘व्यापार’ म्हणून नोंदला जातो. कोणाच्या लक्षातही येत नाही.

यात काय बिघडले? व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी 2 जुलै 2021 पासून खुली झाली आहे, पण एकाच कामासाठी: अग्रक्रमाच्या कर्जात मोजले जाण्यासाठी. उशिरा मिळणाऱ्या बिलांवर कायद्याचे संरक्षण व्यापाऱ्याला नाही, सरकारी खरेदीतली सवलतही नाही. भाकरी करणारी बाई उत्पादक आहे. ज्वारी विकत घेऊन त्यातून नवीन वस्तू तयार होते, हेच उत्पादन. तिचा कोड 10 या खाद्यपदार्थ निर्मितीच्या गटात यायला हवा, त्यातही 1079 या इतर खाद्यपदार्थांच्या वर्गात. पाच आकडी कोड यादीतून जवळचा निवडायचा. म्हणून सेवा केंद्रात “विकते” न म्हणता “तयार करते” असे सांगायचे आणि शेवटचा ओटीपी देण्यापूर्वी पडद्यावर ‘उत्पादन’ दिसते आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे. एकाच नोंदणीत एकाहून जास्त कोड टाकता येतात. शेजारच्या दोन बायकांचे पापड आणून विकत असाल तर तेही जोडा, पण मुख्य काम उत्पादनच ठेवा.

एका उद्योगाला एकच उद्यम. दुसरी शाखा किंवा दुसरे काम सुरू झाले तर आधीच्याच नोंदणीत भर घालायची. दोन नोंदण्या काढणे नियमाबाहेरचे आहे.

आणखी एक रकाना धंदा सुरू झाला का आणि कधी, हे विचारतो. आधीपासून चालू धंदा असेल तर खरी तारीख लिहिण्यात काही वावगे नाही. पण ज्याने अजून धंदा सुरूच केलेला नाही आणि जो पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज घेणार आहे, त्याने इथे फार सावध राहावे. ती योजना फक्त नव्या उद्योगासाठी आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगामार्फत चालणाऱ्या या योजनेत उत्पादनासाठी 50 लाखांपर्यंतचा आणि सेवेसाठी 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. ग्रामीण भागात महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा गटांना 35 टक्के अनुदान मिळते, तर शहरी खुल्या गटाला 15 टक्के. कोणीतरी सुचवले म्हणून आधी उद्यम काढले, ‘धंदा सुरू’वर खूण केली आणि जुनी तारीख टाकली, की बँकेला तो चालू उद्योग दिसतो आणि अर्ज परत येतो. सुरू झाला नसेल तर ‘नाही’ असेच लिहावे. उद्यमाची तारीख आणि योजनेचा अर्ज यांचा मेळ बसला पाहिजे.

ताईंचा धंदा जुना आहे, त्यामुळे हा दरवाजा त्यांच्यासाठी बंदच. चालू उद्योगालाही अनुदान देणारी योजना त्यांच्या कामाची. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राने 2020 मध्ये अशी योजना सुरू केली. महाराष्ट्रात ती कृषी विभाग चालवतो आणि अर्ज तयार करायला प्रत्येक जिल्ह्यात नेमलेल्या संसाधन व्यक्ती मदत करतात. मुदत सरकार वेळोवेळी ठरवते, म्हणून कोटेशन गोळा करण्याआधी तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी. अनुदान प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख.

ताईंचा हिशेब मांडू. भाकरीचे अर्धस्वयंचलित मशीन, चटणीसाठी पल्वरायझर आणि पाकिटे बंद करायचे मशीन मिळून 6 लाख. दहा टक्के म्हणजे 60 हजार त्यांनी घालायचे, 5 लाख 40 हजार बँकेने द्यायचे. अनुदान 2 लाख 10 हजार. ही रक्कम ताईंच्या हातात येत नाही. बँकेत वेगळी ठेवली जाते आणि तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. तीन वर्षे कर्ज नियमित राहिले आणि उद्योग चालू राहिला तर ती कर्जात वळती होते. म्हणजे व्याजाचा भार खऱ्या अर्थाने 3 लाख 30 हजारांवर. अकरा टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे 7,200 रुपये.

इथे लोक फसतात ते घाईमुळे. दिवाळी तोंडावर आली, ऑर्डर आहेत, म्हणून नातेवाइकांकडून उसने घेऊन मशीन आधी आणले जाते आणि “अनुदान मागून मिळेल” असे गृहीत धरले जाते. अनुदान कर्जाला जोडलेले आहे. कर्ज मंजूर होण्याआधी रोखीने घेतलेल्या मशीनवर ते मिळत नाही. कोटेशन घ्या, अर्ज करा, मंजुरीचे पत्र येऊ द्या, आणि मशीनवाल्याला पैसे बँकेकडूनच जाऊ द्या.

मशीन आले तरी ज्वारी, शेंगदाणे, पाकिटे यांना पैसा लागतो. हे खेळते भांडवल. त्यासाठी लहान उद्योगांच्या बाबतीत बँका एक सोपे गणित वापरतात. नायक समितीच्या शिफारशींमधून ते आले आहे. पुढच्या वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या 25 टक्के खेळते भांडवल लागते असे धरायचे. त्यातले 20 टक्के बँकेने द्यायचे, 5 टक्के उद्योजकाने. मशीन आल्यावर विक्री 20 लाखांवर जाईल असे ताई पटवून देऊ शकल्या तर बँकेकडून 4 लाखांची कॅश क्रेडिट आणि स्वतःचे 1 लाख. “किती कर्ज मिळेल?” असे साहेबांनाच विचारण्यापेक्षा हे गणित करून गेलेली बाई बोलण्यात भक्कम असते.

आता तारणाचे बघू. मशीनचे 5 लाख 40 हजार आणि कॅश क्रेडिटचे 4 लाख, एकूण 9 लाख 40 हजार. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला किमान 10 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने घर, सोने किंवा दुसरे तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा 2010 पासूनचा आदेश आहे. कर्जाच्या पैशातून घेतलेले मशीन आणि माल बँकेकडे गहाण असतोच, पण राहते घर नाही. बँकेची जोखीम कमी व्हावी म्हणून पतहमी निधी आहे, सगळे त्याला सीजीटीएमएसई म्हणतात. कर्ज बुडाले तर नुकसानीचा बराचसा वाटा हा निधी बँकेला भरून देतो. त्याची फी साधारणपणे कर्जदाराकडून वसूल होते. 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला ती वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आत असते.

या हमीबद्दल एक गोष्ट गावोगाव चुकीची पसरली आहे. “सरकारची हमी आहे, म्हणजे नाही फेडले तरी चालते.” हमी बँकेला आहे, कर्जदाराला नाही. निधीने बँकेला पैसे दिले तरी ताईंचे देणे संपत नाही, वसुली चालूच राहते आणि सिबिल बिघडते ते वेगळेच. साहेबांनी तारण मागितले तर वाद न घालता “हे सीजीटीएमएसईत बसते ना?” असे विचारावे आणि अर्ज लेखी देऊन पोच घ्यावी. तोंडी नकाराला काही किंमत नसते.

इतके सगळे जुळूनही अर्ज अडतो, आणि त्याचे कारण बहुधा एकच असते: आयकर विवरण. उद्यमाचे संकेतस्थळ गुंतवणूक आणि उलाढालीचे आकडे आयकर आणि जीएसटीच्या नोंदींशी जोडलेले आहे, आणि बँकही तेच कागद बघते. ताई विवरण भरतात ते कायद्यातल्या अनुमानित नफ्याच्या सवलतीखाली. रोखीच्या विक्रीवर किमान 8 टक्के नफा दाखवला की वह्या तपासल्या जात नाहीत. विवरण भरून देणारा नेमका 8 टक्केच टाकतो, म्हणजे 14 लाखांवर 1 लाख 12 हजार. आता बँकेच्या खुर्चीतून बघा. मशीनचा हप्ता वर्षाला 86 हजार, कॅश क्रेडिटचे व्याज साधारण 44 हजार, मिळून 1 लाख 30 हजार. मिळकत 1 लाख 12 हजार. साहेब नाही म्हणतील नाही तर काय?

खरा नफा तर 20 टक्क्यांच्या घरात आहे, म्हणजे 2 लाख 80 हजार. आठ टक्के ही किमान मर्यादा आहे, जास्त दाखवायला कोणी अडवत नाही. आणि आजच्या नव्या कररचनेत 4 लाखांपर्यंत करच नाही. म्हणजे खरा नफा दाखवला असता तर कर शून्यच राहिला असता आणि हप्ता भागतो हे कागदावर स्पष्ट दिसले असते. कर वाचवायला म्हणून दाखवलेला कमी नफा इथे एक रुपयाही वाचवत नाही, उलट कर्ज घालवतो. ज्यांना पुढच्या वर्षी कर्ज हवे आहे त्यांनी याच वर्षीच्या विवरणात खरा नफा दाखवावा, आणि विक्रीचे पैसे यूपीआयने किंवा धनादेशाने त्या चालू खात्यात येऊ द्यावेत. माझ्या मते नोंदणीइतकेच, किंबहुना काकणभर जास्तच, हे काम महत्त्वाचे आहे, आणि याबद्दल सेवा केंद्रात कोणी चकार शब्द काढत नाही.

नोंदणीचा तिसरा उपयोग फार थोडे लोक करतात. ताई एका मोठ्या किराणा साखळीला माल देतात. बिल 80 हजारांचे, “महिन्याभरात देतो” असे बोलणे, आणि सहा महिने झाले तरी पत्ता नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यात याला उत्तर आहे. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे. करार असेल तरी तो 45 दिवसांपुढे नेता येत नाही. त्यापुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. बँक रेट साडेपाच टक्के असेल तर व्याज साडेसोळा टक्के. 80 हजारांवर सहा महिन्यांचे सुमारे 6,800 रुपये.

पैसे दिले नाहीत तर samadhaan.msme.gov.in या संकेतस्थळावर उद्यम क्रमांक टाकून तक्रार करता येते. ती राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जाते. परिषद आधी समेट घडवायचा प्रयत्न करते, तो झाला नाही तर लवादाप्रमाणे निवाडा देते. खरेदीदाराला त्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जायचे तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. कायद्यात 90 दिवसांची मुदत लिहिली आहे, प्रत्यक्षात प्रकरणे त्याहून लांबतात, हे धरून चालावे. तरीही अनेकदा तक्रारीची नोटीस पोहोचली की पैसे निघतात.

पण यासाठी दोन गोष्टी हाताशी हव्यात. एक, माल पोचल्याची सही असलेले चलन. स्वीकारल्याचा दिवस त्यावरून ठरतो, आणि खरेदीदाराने 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असे कायदा मानतो. चलन नसेल तर सगळेच तोंडी. दोन, नोंदणी माल देण्याच्या आधीची. सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात म्हटले होते, की नोंदणीआधी दिलेल्या मालाला हे संरक्षण मागाहून लावता येत नाही. हा मुद्दा 2025 मध्ये मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला. पण पैसे अडकल्यावर नोंदणी करून या वादात पडण्यापेक्षा आधीच नोंदणी करणे शहाणपणाचे. आणि बिलावर उद्यम क्रमांक छापून घ्यावा. तो UDYAM-MH-00-0000000 अशा साच्याचा असतो: राज्य, जिल्हा आणि सात आकडे. छापल्याने खरेदीदाराला “आम्हाला माहीतच नव्हते” असे म्हणायला जागा राहत नाही.

आयकर कायद्यातली एक तरतूदही आता उत्पादकाच्या बाजूने आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच करता येतो. म्हणजे देणे थकवले तर त्यावर करही भरावा लागतो. ही तरतूद 2024-25 या करनिर्धारण वर्षापासून लागू झाली, आणि तेव्हापासून मार्च जवळ आला की मोठ्या खरेदीदारांचे हिशेबनीस पुरवठादारांकडे उद्यम प्रमाणपत्र मागू लागले आहेत. काही जण उलट, “नोंदणी रद्द करा, नाहीतर माल घेणार नाही” असा दबाव आणतात असेही ऐकू येते. हा दबाव म्हणजे 45 दिवसांची मुदत पाळायची नाही याची कबुलीच आहे. एका ग्राहकासाठी नोंदणी सोडण्याआधी ताईंनी त्याचे जुने येणे किती दिवसांनी आले होते, ते वहीत बघावे.

ही तरतूदही उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठीच आहे, व्यापाऱ्यांसाठी नाही. म्हणजे तो 10 की 47 चा प्रश्न इथेही आडवा येतो. चूक झाली असेल तर घाबरायचे कारण नाही. त्याच संकेतस्थळावर उद्यम क्रमांक आणि ओटीपी देऊन नोंदणीत दुरुस्ती करता येते. पत्ता, कोड, बँक खाते, कामगारसंख्या बदलता येते आणि त्यालाही फी नाही. फक्त पॅन तेवढे बदलत नाही.

प्रमाणपत्राला मुदत नाही, नूतनीकरणाची भानगड नाही. पण दर वर्षी विवरण भरल्यावर नोंदणीत जाऊन आयकर आणि जीएसटीची माहिती अद्ययावत करायची असते. तसे केले नाही तर नोंदणी निलंबित होऊ शकते, आणि ते कळते नेमके कर्जाच्या वेळी, जेव्हा बँक क्रमांक तपासते. क्रमांक चालू आहे की नाही ते कोणालाही त्याच संकेतस्थळावर बघता येते. खोटी माहिती दिली तर दंडाची तरतूद आहे. उलाढाल वाढून उद्योग सूक्ष्मचा लघु झाला तरी करेतर सवलती तीन वर्षे टिकतात. त्यामुळे सूक्ष्म राहावे म्हणून विक्री लपवण्याचे काहीच कारण नाही.

उद्यम म्हणजे परवाना नाही, हेही स्पष्ट असावे. ताईंची अन्न सुरक्षा नोंदणी वेगळी, दुकान असेल तर गुमास्त्याची सूचना वेगळी. यांच्या जागी उद्यम चालत नाही.

आणि ज्यांच्याकडे पॅनच नाही त्यांचे काय? हातगाडीवाला, शिलाई करणारी बाई, घरी अगरबत्ती वळणारी मावशी. त्यांच्यासाठी जानेवारी 2023 पासून उद्यम असिस्ट ही वेगळी वाट आहे. इथे आपण स्वतः अर्ज करायचा नसतो. आपली बँक, बिगरबँक वित्तसंस्था किंवा मायक्रोफायनान्स संस्था आपल्या वतीने नोंद करते, सिडबी ही व्यवस्था चालवते. मिळणारे प्रमाणपत्र अग्रक्रमाच्या कर्जासाठी उद्यमासारखेच चालते, म्हणून 50 हजारांपर्यंतच्या शिशु मुद्रा कर्जासाठी ते सोयीचे पडते. बचत गटाचे खाते ज्या शाखेत आहे तिथेच याची विचारणा करावी. पुढे धंदा वाढला, पॅन काढले, विवरण भरायला लागले, की मूळ उद्यम नोंदणीकडे वळता येते. तेव्हा मात्र मालकाचे नाव, मुख्य काम आणि सुरुवातीची तारीख हे तीन रकाने स्वतः वाचून भरायचे, आणि मगच तो शेवटचा ओटीपी सांगायचा.